३० संस्थांना मेल, उत्तर एकाच संस्थेचं

वाचकाचं पत्र

मी पुण्यात खाद्यपदार्थांच्या छोट्या ब्रँडसाठी पॅकेजिंग डिझाइन करते आणि लेबल नियमात बसतंय का तेही तपासून देते. ऑफिसात मी, एक डिझायनर आणि एक अर्धवेळ मदतनीस. एकेक ग्राहक शोधत फिरण्यापेक्षा एकदम बऱ्याच फाउंडरपर्यंत पोचावं म्हणून उद्योजकांच्या संघटना, चेंबर, इन्क्युबेटर अशा ३० ठिकाणी एकच मेल पाठवला. सभासदांना सगळ्या कामांवर ३० टक्के सवलत आणि ‘ब्रँडिंगचं महत्त्व’ या विषयावर मोफत व्याख्यान देईन, असं लिहिलं. दीड महिना झाला. उत्तर आलं एकाच संघटनेचं, तेही ‘२५ हजार रुपये भरून नॉलेज पार्टनर व्हा’ असं. सवलत कमी पडली का? ४० टक्के करू का? की असे मेल कुणी वाचतच नाही?

एक पॅकेजिंगवाली, पुणे

उत्तर

सवलत वाढवू नका. असे मेल वाचले जातात, तुमचाही बहुतेक ठिकाणी कुणीतरी उघडला असेल. पण ज्याने उघडला त्याच्या कामाचं त्यात काही नव्हतं, म्हणून तो तसाच पडून राहिला.

मी सात वर्षं एका इन्क्युबेटरमध्ये कार्यक्रमांचं काम पाहिलं, त्यामुळे असे मेल माझ्याकडेच यायचे. संस्थेच्या सर्वसाधारण पत्त्यावर आलेला मेल फाउंडर वाचत नाहीत, तो प्रोग्राम मॅनेजरकडे जातो. त्याच्या टेबलावर त्या दिवशी नव्या बॅचच्या मुलाखती असतात, कुणाच्या तरी अनुदानाच्या हप्त्याची कागदपत्रं अडलेली असतात, शनिवारच्या कार्यक्रमासाठी हॉल मिळालेला नसतो. तुमच्या मेलला तो अर्धं मिनिट देतो. त्या अर्ध्या मिनिटात त्याला दिसतं की सवलत घेणार फाउंडर, काम मिळणार तुम्हाला, आणि मेल पुढे पाठवून स्वतःचं नाव पणाला लावायचं ते मात्र त्याने.

ही जोखीम खरी असते. माझ्या काळात आम्ही वेबसाइट करून देणाऱ्या एकाची सवलत आमच्या स्टार्टअपना कळवली होती. त्याने दोघांकडून आगाऊ रक्कम घेतली आणि काम महिनोन्महिने रेंगाळवलं. ते दोघे त्याच्याशी भांडले नाहीत, माझ्या केबिनमध्ये येऊन बसले. ‘तुम्ही पाठवलंत म्हणून दिले पैसे,’ हे वाक्य मी बरेच दिवस ऐकलं. त्यानंतर सवलतीचा मेल आला की मी आधी बघायची ते एवढंच, की या माणसाचं काम मला माझ्या डोळ्यांनी बघायला मिळेल का. व्याख्यान तिथे उपयोगी पडतं. तासाभरात माणूस कळतो. म्हणून तुमच्या मेलमध्ये सवलत पुढे आणि व्याख्यान मागे होतं तो क्रम उलटा करावा लागेल.

दुसरी गोष्ट, तुम्ही संघटना आणि इन्क्युबेटर एकाच पिशवीत घातलेत. दोघांची गरज वेगळी असते. इन्क्युबेटर बहुतेक सरकारी योजनांच्या नाहीतर कंपन्यांच्या सीएसआरच्या पैशावर चालतात. निधी देणाऱ्याला वेळोवेळी कळवावं लागतं की इतकी सत्रं झाली, इतक्या स्टार्टअपना मार्गदर्शन मिळालं. त्यामुळे मोफत आणि खरोखर उपयोगाचं सत्र त्यांना हवंच असतं, सवलत असली तर बरी. संघटनेचं गणित वर्गणीवर चालतं. दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी सभासद विचारतो, वर्गणी भरून मला मिळतं काय? तिथे सभासदांसाठीच्या सवलतींची यादी लागते. पण अशा बऱ्याच संघटनांमध्ये सवलत देणाराही सभासदच असावा अशी अपेक्षा असते, कारण बाहेरच्याला फुकट व्यासपीठ दिलं तर वर्गणी भरणारे सभासद नाराज होतात. तेव्हा मेल दोन वेगळे लिहायचे. इन्क्युबेटरला सत्राचा, संघटनेला सभासद होऊन मग सवलतीचा.

आता सवलतीचा हिशेब. समजा एका पाऊचच्या पूर्ण डिझाइनचे तुम्ही २०,००० रुपये घेता. डिझायनरचे दिवस, प्रूफ, प्रिंटरकडे होणाऱ्या फेऱ्या आणि ऑफिसचा वाटा धरून तुमचा खर्च १३,००० होतो, म्हणजे हातात ७,००० राहतात. ३० टक्के सवलत म्हणजे ६,००० गेले, उरले १,०००. ४० टक्के केलेत तर ८,००० जातात आणि प्रत्येक कामाला तुम्ही पदरचे १,००० घालता. मेल यशस्वी झाला आणि एकदम दहा कामं आली, तर तुमच्या तीन जणांच्या ऑफिसला काही महिने डोकं वर काढायला सवड मिळणार नाही, आणि त्या दिवसांत पूर्ण दराने येणारं काम परत पाठवावं लागेल. तुमचे आकडे वेगळे असतील, ते मांडून बघा. सवलतीची टक्केवारी कधी विक्रीच्या दरावरून ठरवू नये, हातात उरणाऱ्या रकमेवरून ठरवावी.

आणखी एक अडचण सरसकट सवलतीत असते. तुमचे जुने ग्राहकही त्याच संघटनांचे सभासद असण्याची शक्यता आहे. मागच्याच महिन्यात पूर्ण पैसे भरलेल्या माणसाने तुमची ३० टक्क्यांची जाहिरात वाचली, तर त्याला तुम्ही काय सांगाल?

माझं म्हणणं, टक्केवारी सोडा आणि एक छोटं, ठरलेल्या मापाचं काम द्या. पाऊच छापायला जाण्याआधी एका लेबलाची मोफत तपासणी, महिन्याला आठ लेबलं, आधी येईल त्याला आधी. एका लेबलाला पाऊण तास धरला तर महिन्याचे सहा तास गेले, तेवढे तुम्हाला झेपतील. घेणाऱ्याला नेमकं काय मिळणार ते कळतं, जुन्या ग्राहकाला आपण फसलो असं वाटत नाही, आणि तपासणीत चूक सापडली की पुढचं काम बहुधा तुमच्याकडेच येतं, तेही पूर्ण दराने. संघटनेला सवलतच हवी असेल तर ती ठरावीक रुपयांत द्या, ‘नव्या ग्राहकाच्या पहिल्या कामावर’ असं लिहा आणि शेवटची तारीख घाला. सवलत बिलावरच वजा करून दाखवा, म्हणजे उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो. मागाहून पैसे परत केलेत तर तो हिशेब किचकट होतो.

आता व्याख्यानाबद्दल. ‘ब्रँडिंगचं महत्त्व’ हा विषय सोडून द्या. ब्रँडिंग महत्त्वाचं आहे हे पटलेलं नाही असा फाउंडर मला भेटलेला नाही. शिवाय या विषयावर बोलणारे प्रोग्राम मॅनेजरला दर आठवड्याला मेल करतात. तुम्हाला जे ठाऊक आहे आणि त्यांना नाही, ते तुमच्या पत्रात एका ओझरत्या वाक्यात आलंय: लेबल नियमात बसतंय का ते तुम्ही तपासता. तुमचा खरा विषय तिथे आहे.

माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते. आमच्याकडची एक फाउंडर चटण्या आणि मेतकूट करायची. सुरुवातीला स्वतःच्या जागेत, स्वतःच्या एफएसएसएआय परवान्यावर. मागणी वाढली तशी तिने दुसऱ्याच्या युनिटमध्ये माल बनवून घ्यायला सुरुवात केली आणि त्याच उत्साहात साध्या पाऊचवर स्टिकर लावणं सोडून छापील पाऊच करायला दिले. २०,००० पाऊच, एकाचे साधारण चार रुपये. डिझाइन सुंदर झालं होतं. पण पाऊचवर पत्ता जुन्या जागेचा आणि परवाना क्रमांक फक्त तिचा. लेबलिंगच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ब्रँड ज्याचा त्याचा क्रमांक हवा, आणि माल दुसरीकडे बनत असेल तर बनवणाऱ्याचाही हवा. एका मोठ्या दुकानात माल उतरवून घेतानाच हे लक्षात आलं आणि खोकी परत आली. ग्रॅव्हूर छपाईत प्रत्येक रंगाचा सिलिंडर वेगळा असतो. मजकूर काळ्या रंगात होता, म्हणजे काळ्याचा सिलिंडर पुन्हा करायचा, आणि छापून झालेले ८० हजारांचे पाऊच खोलीत पडून. ती मला म्हणाली, ‘मॅडम, एका ओळीसाठी.’ तिला ही ओळ पाऊच छापायच्या आधी कुणी सांगितली असती, तर त्या माणसाला ती आयुष्यभर विसरली नसती.

तुमच्या सत्राचं नाव असं ठेवा: ‘पाऊच छापायला देण्याआधी’. त्यात चार-पाच चुकाच घ्या, पण प्रत्येक चूक खऱ्या पाऊचवर बोट ठेवून दाखवा. परवाना क्रमांकाची वर सांगितली, ती पहिली. दुसरी घटकांची: यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लागते, आणि शेंगदाणा, दूध, सोया, गहू यांसारखे ॲलर्जीचे घटक वेगळे सांगावे लागतात. शेंगदाण्याच्या चटणीवर शेंगदाण्याचा इशारा कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. तिसरी चूक कागदावर दिसत नाही, पॅकिंगच्या दिवशी दिसते. बॅच क्रमांक आणि तारखा मागाहून छापायच्या असतात, त्यासाठी डिझाइनमध्ये कोरी जागा सोडलेलीच नसते. मग तारीख गडद रंगावर पडते आणि वाचता येत नाही, नाहीतर सीलच्या घडीत जाते. चौथी वैधमापनशास्त्राच्या नियमांची: एमआरपी लिहिलेली असते, पण एका ग्रॅमला किती रुपये ती किंमत राहून जाते. यातलं कुठलंही तुम्हाला नवीन नाही. फाउंडरला मात्र यातलं बहुतेक सगळं नवीन असतं.

सत्रातलं तुमचं बोलणं ४० मिनिटांचं ठेवा आणि प्रत्येकाला आपला एक पाऊच किंवा डिझाइनची प्रिंट घेऊन यायला सांगा. पुढचा अर्धा तास आलेले पाऊच सगळ्यांदेखत तपासा. ज्याचा पाऊच आहे त्याची आधी परवानगी घ्या, आणि ‘हे चुकलंय’ म्हणण्याऐवजी ‘इथे अजून काय लागेल?’ असं सगळ्यांना विचारा. या अर्ध्या तासात तुमची जी ओळख होते ती तुमच्या कंपनीच्या स्लाइडने होत नाही. कंपनीची स्लाइड एकच, शेवटची. आमच्याकडे एक वक्ता स्वतःच्या ग्राहकांचे लोगो वीस मिनिटं दाखवत राहिला होता. प्रश्नांची वेळ आली तेव्हा मागच्या दोन रांगा रिकाम्या होत्या, आणि मी त्याला पुन्हा बोलावलं नाही.

३० ठिकाणं नकोत, पाच निवडा. निवडायची कशी, तर संस्थेच्या स्टार्टअपची यादी उघडून त्यात खाद्यपदार्थवाले किती ते मोजा. पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर मुख्यतः विज्ञानावर उभ्या राहिलेल्या स्टार्टअपसाठी आहे. तिथे तुमचा श्रोता थोडाच सापडेल, आणि त्यात कुणाचाच दोष नाही. मराठा चेंबर १९३४ पासूनचं, तिथे वाहनांचे सुटे भाग करणारेही आहेत आणि मसालेवालेही. तिथे सगळ्या सभासदांपर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका, अन्नप्रक्रियेचं काम कोण बघतं ते विचारून त्यांनाच लिहा. आणि एक वाट तुमच्या यादीत बहुधा नसेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची पीएमएफएमई योजना आली, प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान देणारी. तिच्यात अर्जदाराच्या हाताशी जिल्हा संसाधन व्यक्ती असते. ती प्रकल्प अहवालापासून एफएसएसएआय परवान्यापर्यंत मदत करते. पापड, लोणची, गूळ, काजू यांचे नवे उद्योजक या व्यक्तीच्या फोनमध्ये असतात, आणि त्यांचा पुढचा प्रश्न पॅकेटचाच असतो. कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा.

तुमच्या मनात ‘एका मेलमध्ये शेकडो फाउंडर’ असं चित्र आहे, तेही जरा खाली आणा. मी घेतलेल्या सत्रांत चाळीस नावं नोंदली गेली की पंधरा-सतरा जण यायचे. तुमच्या कामाला पंधरा पुरतात, फक्त ते पंधराही येत्या काही महिन्यांत पाऊच छापणारे हवेत.

आता मेल. पाठवण्याआधी संस्थेत फोन करून कार्यक्रम कोण बघतं त्यांचं नाव आणि पत्ता विचारा. हा फोन दोन मिनिटांचा असतो आणि तो केला नाही म्हणून निम्मे मेल वाया जातात. इंग्रजीत लिहायचा असेल तरी क्रम हाच ठेवा:

> विषय: तुमच्या फूड स्टार्टअपसाठी ७० मिनिटांचं सत्र: ‘पाऊच छापायला देण्याआधी’
>
> नमस्कार ……,
>
> तुमच्या सध्याच्या बॅचमध्ये खाद्यपदार्थांचे सहा स्टार्टअप आहेत असं तुमच्या यादीत पाहिलं. त्यातल्या बहुतेकांना पुढच्या काही महिन्यांत छापील पॅकिंगकडे जावं लागेल. लेबलावरची एक ओळ राहिली तर छापलेले सगळे पाऊच वाया जातात, आणि हे बहुधा माल दुकानात गेल्यावरच कळतं.
>
> यावर मी एक सत्र घेते. ४० मिनिटं नेहमीच्या चुका, खऱ्या पाऊचवर दाखवून. ३० मिनिटं आलेल्यांच्या स्वतःच्या पाऊचची तपासणी. मानधन नाही. शेवटची एक स्लाइड सोडली तर सत्रात माझ्या सेवांची जाहिरात नसेल. प्रोजेक्टर आणि एक मोठं टेबल लागेल. सत्रानंतर एक पानी तपासयादी तुमच्याकडे ठेवून जाईन, ती पुढच्या बॅचलाही देता येईल.
>
> तुमच्या स्टार्टअपसाठी छापण्याआधी एका लेबलाची तपासणी मोफत करून देईन, महिन्याला आठपर्यंत.
>
> मी … वर्षं पुण्यात हे काम करते. माझ्या कामाबद्दल विचारायला दोन ग्राहकांचे नंबर त्यांच्या परवानगीने खाली दिले आहेत. तपासयादी सोबत जोडली आहे.
>
> पुढच्या महिन्यात तुम्हाला सोयीचा एखादा दिवस असेल तर कळवाल का?

हा मेल त्या माणसाला न विचारता बऱ्याच प्रश्नांची उत्तरं देतो: कुणासाठी, किती वेळ, मला काय जमवावं लागेल, पैसे मागणार का, आणि पुढे पाठवला तर माझी मान खाली जाईल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ते दोन नंबर देतात. त्याने फोन केला नाही तरी नंबर दिलेत हे त्याला दिसतं. तपासयादी आधीच हातात दिल्याने तुमचं काम तो तुम्हाला न भेटता बघू शकतो. ती उघडून ‘अरे, हे आमच्या त्या लोणचेवाल्याला दाखवलं पाहिजे’ असं त्याला वाटलं की तुमचं काम झालं.

सभासदांची यादी किंवा त्यांचे मेल मात्र मागू नका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा झाल्यापासून संस्था याबाबत जपून असतात, आणि ही मागणी वाचली की चांगला मेलही बाजूला ठेवला जातो. त्याऐवजी चार ओळींचं निमंत्रण तयार करून द्या, ते त्याला जसंच्या तसं त्यांच्या ग्रुपवर टाकता येईल असं. सत्र झाल्यावर संस्थेचा लोगो तुमच्या वेबसाइटवर लावायचा असेल तर तोही विचारून लावा.

मार्चमध्ये लिहू नका. आर्थिक वर्ष संपताना अनुदानाच्या विनियोगाचे दाखले तयार करण्यात सगळं ऑफिस बुडालेलं असतं. नवी बॅच आत आली की पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत सत्रं ठरतात, तेव्हा लिहा. १६ जानेवारी हा राष्ट्रीय स्टार्टअप दिवस असतो आणि त्या आठवड्यासाठी सगळेच कार्यक्रम शोधत असतात, म्हणून नोव्हेंबरच्या शेवटी मेल गेलेला बरा. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी त्याच मेलखाली एकदा आठवण करा, मग एक फोन. तिसऱ्यांदा नको. पुढच्या बॅचला पुन्हा लिहा.

सत्र झालं की दुसऱ्या दिवशी फोन वाजले नाहीत म्हणून खचू नका. फाउंडरला तुमची गरज सत्राच्या दिवशी नसते, प्रिंटर ‘आर्टवर्क पाठवा’ म्हणतो त्या दिवशी असते, आणि तो दिवस तीन-चार महिन्यांनी येतो. म्हणून तपासयादीच्या तळाशी तुमचा फोन ठळक छापा आणि ती जाडसर कागदावर द्या, भिंतीवर टिकेल अशी. कोण कुठल्या सत्रातून आलं याची वहीत नोंद ठेवा. सहा महिन्यांनी पाचांपैकी कुठल्या दोन संस्थांकडे पुन्हा जायचं ते त्या वहीतून कळेल.

अशीच पत्रं मला सीए आणि वकील मंडळींकडूनही येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. वरचा सवलतीचा भाग तुम्हाला लागू नाही. सनदी लेखापालांच्या १९४९ च्या कायद्यात मेल किंवा परिपत्रकं पाठवून काम मागणं हे व्यावसायिक गैरवर्तन धरलं जातं, आणि वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातीची मनाई आहे. संस्थेने बोलावलं तर विषय शिकवायला जा. सवलत, दर, ‘आमच्याकडे या’ हे त्यात आणू नका आणि आपापल्या संस्थेचे नियम आधी वाचा.

राहिली ती २५ हजारवाली संघटना. तिच्यावर रागावू नका, पैसे मागणं हा त्यांच्या चालण्याचा भाग आहे. पण भरण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. सभासदांत खाद्यपदार्थांच्या व्यवसायातले किती आहेत? या पैशात प्रत्यक्ष किती वेळा बोलायला मिळेल, आणि ते कुणासमोर? आणि मागच्या वर्षीचा एखादा नॉलेज पार्टनर माझ्याशी फोनवर बोलेल का? वरच्या हिशेबाने एका पूर्ण दराच्या कामात तुमच्या हातात ७,००० उरतात, म्हणजे केवळ हे पैसे भरून निघायला तुम्हाला चार कामं मिळायला हवीत. खाद्यपदार्थवाले सभासद साठ-सत्तर असतील तर विचार करण्यासारखं आहे. दहा-बारा असतील तर त्यांना लिहा, ‘यंदा भागीदारी जमणार नाही, पण साधी सभासद व्हायला मला आवडेल आणि तुमच्या खाद्यपदार्थवाल्या सभासदांसाठी एक सत्र मोफत घेईन.’ वर्गणी किती आहे तेही त्याच मेलमध्ये विचारा, आणि तपासयादी जोडायला विसरू नका.